सापडलेल्या चुकीच्या मागे

“मी वाचत नाही हं, मी बघते.”

बाई हे इतक्या वेळा म्हणायच्या की ऑफिसातली मंडळी त्यांच्या तोंडून वाक्य सुटायच्या आधीच ते पुरं करायची. कुणी नवा माणूस कौतुकानं म्हणाला, “बाई, किती भरभर वाचता हो,” की आजूबाजूचे दोघं-तिघं एका सुरात म्हणत, “त्या वाचत नाहीत, त्या बघतात!” बाईही हसायच्या. पण गोष्ट खरी होती. वाचणारा माणूस अर्थाच्या मागे पळतो आणि पळताना पायाखालचे खडे त्याला दिसत नाहीत. बाई पळत नसत. शेतातून पाणी वळवणारा माणूस कसा दर सरीशी थांबतो, वाकून बघतो, पाणी पुढे गेलं का ते पाहतो आणि मगच पुढच्या सरीकडे जातो, तशा त्या कागदावरून जायच्या.

ऑफिस लहानसं होतं. इस्पितळांसाठी पाट्या आणि पुस्तिका करायचं. रक्त तपासणी कुठे, लिफ्ट कुठे, रुग्णाच्या नातेवाइकांनी कुठे थांबायचं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काय खायचं, असलं सगळं. खाली दुकानं आणि वरच्या मजल्यावर ही लांबट खोली. एका अंगाला काच, दुसऱ्या अंगाला नमुन्यांची कपाटं. काचेजवळची जागा बाईंची होती, कारण त्यांना उजेड लागायचा. बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर सगळ्यांत शेवटी त्यांच्यापुढे यायचा. लिहिणाऱ्यानं लिहिला, चित्रकारानं मांडला, साहेबांनी पास केला की मग बाई. त्यांनी मान हलवली की माल बाहेर.

त्यांची रीत ठरलेली. एकाच वेळी सगळं बघायचं नाही. एका फेरीत नुसती नावं. ज्याचं नाव त्याच्या स्वतःच्या कार्डाशी किंवा सहीशी लावून बघायचं, आणि पहिल्या पानावर जसं आहे तसंच शेवटच्या पानावर आहे ना, हेही बघायचं. दुसऱ्या फेरीत नुसते आकडे. बेरीज छापलेली असली तरी आपली आपण पुन्हा करायची, आणि तक्त्यातला आकडा पत्रातल्या आकड्याशी भिडवायचा. तिसऱ्या फेरीत ईमेलचे पत्ते, एकेक अक्षर, उलट्या दिशेनं, म्हणजे सवयीचा डोळा फसत नाही. पत्त्यावर क्लिक करायचं, उघडलेल्या खिडकीत तोच पत्ता येतो का ते बघायचं. आणि शेवटी जोडपत्रं. पत्रात ‘सोबत जोडले आहे’ असं जिथे जिथे म्हटलंय तिथे बोट ठेवायचं, आणि तेवढ्याच फायली खरोखर जोडल्यात का ते मोजायचं. नुसती फायलीची नावं बघायची नाहीत. जोडलेली फाईल त्या पत्रातूनच उघडायची. “फोल्डरमधली फाईल आपल्या घरची लेक,” त्या म्हणायच्या, “आणि पत्रातली फाईल सासरी निघालेली. सासरी कोण निघालीय ते दारात बघायचं, घरात नाही.”

त्यांचा नवरा शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीत मशीन. तो चिडवायचा, “अगं, तू माझ्या शर्टांच्या बाह्या पण मोजून बघत असशील, दोन आहेत ना म्हणून.”

“बघते की,” बाई म्हणायच्या. “एकदा तुम्ही दोन्ही डाव्याच लावल्या होत्या. विसरलात?”

यावर तो मशीनचं चाक जोरात फिरवायचा, म्हणजे उरलेलं ऐकू येऊ नये.

तर अशा बाईंवर एक दिवस चूक आली.

एका इस्पितळाची पुस्तिका होती. ती छापील नव्हती, फोनवर उघडायची. तिच्यात एक पत्ता होता. ऑपरेशनची तारीख हवी असेल तर आपले रिपोर्ट या ईमेलवर पाठवा. बाईंनी तो पत्ता उलटा बघितला, सुलटा बघितला, क्लिक करून बघितला. मान हलवली. त्यानंतर, संध्याकाळी बाई घरी गेल्यावर, इस्पितळातून साहेबांना फोन आला की पत्ता बदललाय. साहेबांनी सकाळी लवकर येऊन तो स्वतः बदलला आणि पुस्तिका धाडून दिली. बदलला म्हणजे काय, तर दिसणारी अक्षरं बदलली. अक्षरांच्या खाली जी लिंक दडलेली असते, ती तशीच जुनी राहिली. वाचणाऱ्याला नवा पत्ता दिसे, पण त्यावर बोट ठेवलं की पत्र जुन्या पत्त्यावर जाई. आणि तो जुना पत्ता नोकरी सोडून गेलेल्या एका कारकुनाचा होता. ती पेटी उघडणारं कुणी राहिलेलं नव्हतं.

लोक रिपोर्ट पाठवत राहिले. उत्तर येईना. शेवटी एक मुलगी आपल्या वडिलांना चाकाच्या खुर्चीत बसवून इस्पितळाच्या खिडकीपाशी आली आणि अशी ओरडली की वरच्या मजल्यावरचे डॉक्टर खाली उतरले.

ऑफिसात मीटिंग झाली. मालकीण, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, टेबलाच्या टोकाला. साहेब त्यांच्या उजव्या हाताला.

“शेवटची तपासणी कुणाची?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“बाईंची,” साहेब म्हणाले. अगदी हळू, जणू त्यांनाच वाईट वाटतंय.

“मी तपासला तेव्हा पत्ता दुसरा होता,” बाई म्हणाल्या. “माझ्यानंतर कुणीतरी बदललाय. दिसणारा तेवढा बदलला, खालचा राहिला.”

“माझ्याकडे आली तशी पाठवली. मी हातसुद्धा लावला नाही,” साहेब म्हणाले. मग जरा थांबून, प्रेमानं, “बाई, वय होतं. नजर जाते. त्यात लाज कसली?”

चित्रकार समोरच बसला होता. त्या सकाळी साहेब त्याच्याच मशीनवर बसले होते हे त्याला माहीत होतं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं आपल्या बुटांकडे बघितलं. नवे बूट होते, बघण्यासारखे होते, पण एवढा वेळ नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून बाईंची जागा बदलली. काचेपासून उठवून त्यांना मागे नमुन्यांच्या कपाटापाशी बसवलं. काम काय, तर पाट्यांच्या नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. काचेजवळ एक नवी मुलगी आली. हुशार होती, बोटं झरझर चालायची, आणि मशीन ज्या शब्दाखाली लाल रेघ मारेल तो शब्द ती दुरुस्त करायची. जिथे लाल रेघ नाही तिथे तिला काही दिसत नसे. सगळे तिला नवी म्हणत. आणि बाईंना पाठीमागे नजरबाई म्हणू लागले. चहाच्या वेळी कुणी चष्मा पुसला तरी हशा व्हायचा.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठ्या लावल्या. पण आत काहीतरी घट्ट होत गेलं. दूध आटवताना कसं तळाशी धरतं, हलवलं तरी सुटत नाही, तसं. रात्री नवऱ्यापाशी म्हणाल्या, “मला पगार वाढवून नको, जागा परत नको. त्या माणसानं सगळ्यांसमोर म्हणायला हवं की पत्ता मी बदलला. एवढंच.”

“तो म्हणायचा नाही.”

“मग बघू.”

“बघू म्हणजे?” शिंप्यानं दोरा दातानं तोडला. “तुझं ‘बघू’ मला माहीत आहे. लग्नात माझी आत्या तुला नाकावरून बोलली होती, तेव्हाही तू ‘बघू’ म्हणाली होतीस. आत्या गेली, पण तिच्या हातचा एक घोट चहा तू कधी घेतला नाहीस.”

“चांगला करायच्या नाहीत त्या,” बाई म्हणाल्या.

मग ते मोठं काम आलं. शहरातल्या सगळ्यांत मोठ्या इस्पितळाची नवी इमारत. सगळ्या मजल्यांच्या पाट्या, सगळ्या विभागांच्या पुस्तिका. काम मिळालं तर साहेब भागीदार होणार, हे ऑफिसातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. प्रस्ताव एकाच ईमेलमध्ये, पाचच्या आत, इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंच्या नावानं जायचा होता. आणि मोठ्या बाई प्रवासाला निघताना सांगून गेल्या होत्या, “मागचं विसरू नका. ती एक चूक सोडली तर जुन्या बाईंच्या हातून कधी काही सुटलेलं नाही; त्यांनी नजर टाकल्याशिवाय हे पत्र निघायचं नाही.”

दुपारचा चहा झाला आणि साहेब कपाटापाशी आले. आजवर कधी आले नव्हते.

“बाई, जरा नजर टाकता का?”

बाईंनी हातातली चिठ्ठी नीट चिकटवली. कडेला बोट फिरवलं. “नजर तर गेली ना माझी?”

पलीकडे कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. साहेबांचे कान लाल झाले. “मोठ्या बाईंचा निरोप आहे.”

“म्हणजे तुमचा नाही.”

“बाई, वेळ कमी आहे.”

“चला,” म्हणून त्या उठल्या.

साहेबांच्या मशीनवर पत्र तयार होतं. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं होतं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, आणि त्या वेळी कुणी हसलं नाही. नवी मागे येऊन उभी राहिली. चित्रकारही आला.

पहिली फेरी, नावं. डॉक्टरीणबाईंचं नाव त्यांच्या कार्डाशी लावलं, ठीक होतं. दुसरी फेरी, आकडे. मजल्यांप्रमाणे पाट्यांचा तक्ता होता. बाईंनी ओठ न हलवता बेरीज केली. तिसऱ्या मजल्यावर मागाहून पाट्या वाढवल्या होत्या, पण खालची एकूण संख्या हातानं टाकलेली, ती जुनीच राहिली होती. पत्रातही तीच जुनी संख्या. बाईंनी काही म्हटलं नाही. सगळं बघून झाल्याशिवाय त्या बोलत नसतच. तिसरी फेरी, पत्ते. ठीक. मग जोडपत्रं. पत्रात पाच म्हटली होती, पाच जोडली होती. बाईंनी पत्रातूनच एकेक उघडलं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं.

पाचवं जोडपत्र म्हणजे नमुना पुस्तिका. नावापुढे ‘अंतिम’ लिहिलेलं. उघडली, आणि पानांच्या कडेला पिवळ्या चौकटी फुलून आल्या. चित्रकारासाठी साहेबांनी लिहिलेले शेरे. ‘रंग भडक करा, डॉक्टरीणबाईंना सर्कशीचा तंबू आवडतो.’ पुढच्या पानावर, ‘हा परिच्छेद डॉक्टरीणबाईंनी स्वतः लिहून दिलाय. भयंकर आहे. पण ठेवा, खूश होतील.’ त्याच्या खाली, ‘अक्षरं मोठी करा, म्हातारीला दिसत नाही.’

साफ केलेली प्रत ऑफिसच्या फोल्डरमध्ये होती, हे बाईंना ठाऊक होतं. तिचं नाव अगदी हेच. साहेबांनी घाईत आपल्या मशीनवरची, शेरे मारलेली प्रत उचलून जोडली होती.

मागच्यांना बाईंच्या खांद्यामुळे पडदा नीट दिसत नव्हता. बाईंनी ती फाईल बंद केली. ‘म्हातारीला दिसत नाही.’ हे वाक्य त्यांच्या कानात साहेबांच्याच त्या प्रेमळ आवाजात वाजलं. तळाशी धरलेलं सगळं एकदम वर आलं.

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. “चूक आहे.”

“कुठे?”

“सांगते. आधी तुम्ही सांगा. त्या पुस्तिकेतला पत्ता माझ्यानंतर कुणी बदलला?”

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

“बाई, ही काय वेळ आहे?”

“हीच आहे. पाचनंतर तुम्ही मला कशाला विचाराल? चार शब्द आहेत, साहेब. ‘पत्ता मीच बदलला होता.’ मोजा हवं तर. हे सगळे ऐकतायत, यांच्यासमोर म्हणा. मी लगेच बोट ठेवते चुकीवर.”

“हे म्हणजे गळा धरणं झालं.”

“गळा नाही धरला. हात धरलाय. सोडवून घ्या.”

साहेबांनी चित्रकाराकडे बघितलं. चित्रकारानं या खेपेला बुटांकडे बघितलं नाही. तो साहेबांकडेच बघत होता. तोंड उघडून, जणू पहिला शब्द कुणी उच्चारला तर दुसरा तो स्वतः म्हणणार होता. क्षणभर साहेबांच्या ओठांवर काहीतरी आलंही. बाईंना ते दिसलं. त्या क्षणी ते बोलले असते तर बाईंनी पाचवी फाईल उघडून दाखवली असती, आणि सगळं मिटलं असतं.

पण माणसाला आपल्या उंचीची सवय झालेली असते. साहेब हसले. “नाटकं! चूक आहे म्हणे. अहो, आम्ही काय आंधळे आहोत? नवी, बस. आपण शोधू.”

नवी बसली. साहेब तिच्या डोक्यावरून वाकले. नावं बघितली, पत्ते बघितले. मग नवीनं तक्ता उघडला आणि बोटांवर बेरीज करू लागली. एकदा केली, पुन्हा केली.

“साहेब! एकूण आकडा चुकलाय! तिसऱ्या मजल्याच्या वाढीव पाट्या धरल्याच नाहीत!”

“सापडली!” साहेबांनी टेबलावर थाप मारली. “बघितलंत? सापडली!” मागून दोघांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या चेहऱ्यावरचा घाम एकदम चमकला. तक्ता दुरुस्त झाला, पत्रातली संख्या बदलली, जुनं जोडपत्र काढून नवं लावलं. सगळं बरोबर केलं. मग ते बाईंकडे वळले. “एवढ्यासाठी तमाशा? एवढ्यासाठी तुम्ही माझ्याकडून नाक घासून घेणार होतात?”

चूक सापडली की माणूस शोधायचं थांबतो. बाईंना हे इतक्या वर्षांत पक्कं कळलं होतं. सापडल्याचा आनंद हाच डोळ्यावरचा सगळ्यांत जाड पडदा. म्हणून त्या स्वतः एक चूक सापडली की उठायच्या, पाणी प्यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून बघायच्या. हे त्यांनी नव्या माणसांना कितीदा सांगितलं होतं. साहेबांना सांगायची वेळ आता आली होती, आणि त्या सांगणार नव्हत्या.

तरी त्यांनी एक प्रश्न विचारला. न विचारता त्यांना राहवलं नसतं, हाडात मुरलेली सवय ती.

“झालं तुमचं शोधून?”

“झालं.”

“जोडपत्रं उघडून बघितलीत?”

“पाचच्या पाच! बघा, तुमच्यासमोर.” आणि साहेबांनी ऑफिसचं फोल्डर उघडलं, पत्र नव्हे, आणि त्यातल्या पाचही फायली एकेक करून दाखवल्या. नमुना पुस्तिका स्वच्छ होती. एकही पिवळी चौकट नाही. “नजर, बाई. नजर अशी लागते.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

एवढाच शब्द. त्यात राग नव्हता, आवाजही चढला नव्हता. पण नवीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. तिला त्या ‘बरं’मध्ये काहीतरी खटकलं, मात्र काय ते कळलं नाही.

साहेबांनी बटण दाबलं. पत्र गेलं. घड्याळात पाचला अवकाश होता. साहेबांनी चहा सांगितला, सगळ्यांना, बाईंनाही.

“मला नको,” बाई म्हणाल्या. त्यांनी कपाटापाशी जाऊन आपली पिशवी उचलली. चष्म्याची डबी आत टाकली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा चौकोनी करून ठेवला, कोपऱ्याला कोपरा लावून. मग खोलीच्या मधोमध येऊन म्हणाल्या, “मी उद्यापासून यायची नाही.”

“अहो बाई, रागावू नका,” साहेब म्हणाले. जिंकलेल्या माणसाची माया त्यांच्या आवाजात आली होती. “मनावर घेऊ नका. माणसाकडून होतं.”

“होतं,” बाई म्हणाल्या. “तुमच्याकडून पण होतं.”

दारात चित्रकार आडवा आला. “बाई, मी त्या दिवशी…” तो म्हणाला आणि थांबला.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “आता त्याची गरज संपली.” आणि जिना उतरू लागल्या.

वर चहा आला. हशा सुरू झाला. नवी मात्र साहेबांच्या मशीनपाशीच बसून राहिली. बाईंनी जोडपत्रांचं का विचारलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. तिनं पाठवलेलं पत्र उघडलं. त्यातलंच पहिलं जोडपत्र उघडलं, मग दुसरं, मग एकेक करत पाचवं. पिवळ्या चौकटी पानाच्या कडेनं फुलल्या. तिनं तोंडावर हात ठेवला. मागे वळून साहेबांकडे बघितलं. ते कपात बिस्कीट बुडवत कुणाला तरी सांगत होते, आकडा कसा सापडला ते.

नवी उठली आणि काचेपाशी गेली.

खाली रस्त्यावर बाई निघाल्या होत्या. पिशवी खांद्याला, पदर कमरेला खोचलेला, पावलं रोजच्यासारखी, ना भरभर ना हळू. समोरून एक हातगाडी आली तेव्हा त्या कडेला झाल्या, गाडी जाऊ दिली आणि पुन्हा चालू लागल्या. एकदाही त्यांनी मान वर केली नाही. नवी काचेला कपाळ टेकवून त्यांच्याकडे बघत राहिली, त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत.